नोकरीसाठी परदेशी जाण्याआधीची कामे: पुण्याहून आइंडहोवनला निघालेल्या एका कुटुंबाचे वेळापत्रक

पुण्यात राहणाऱ्या एका यंत्र अभियंत्याला 2025 च्या मार्चमध्ये नेदरलँड्समधील आइंडहोवन येथील एका कंपनीने नोकरी देऊ केली. त्याने 17 मार्चला होकार कळवला. रुजू होण्याची तारीख 1 सप्टेंबर ठरली आणि घर लावायला थोडा अवधी मिळावा म्हणून 23 ऑगस्टला तेथे पोहोचायचे, असे कुटुंबाने ठरवले. सोबत पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी जाणार होती. हाताशी साधारण 23 आठवडे होते. ओळख उघड होऊ नये म्हणून कोणाचेही नाव येथे दिलेले नाही.

पहिल्याच रविवारी नवरा-बायकोने मिळून कामांची यादी केली, आणि अशा याद्या होतात तशीच ती झाली: व्हिसा, विमानाचे तिकीट, सामानाच्या बॅगा, बँक, गाडी विकणे, आईबाबांची सोय, मुलीचा शाळेचा दाखला. कामे सुचली त्या क्रमाने लिहिली गेली होती, म्हणजे ज्या कामाची धास्ती जास्त ते वर आणि जे कधी डोक्यात आले नाही ते यादीत नाही. यादी माझ्याकडे आली तेव्हा मी ती तीन रकान्यांत पुन्हा मांडली. पहिल्या रकान्यात काम हातावेगळे करायला आपला स्वतःचा किती वेळ जातो ते, दुसऱ्यात ते दुसऱ्याच्या टेबलावर किती दिवस पडून राहते ते, आणि तिसऱ्यात ते कोणत्या कामावाचून सुरूच होत नाही ते लिहिले. क्रम लावताना पहिल्या रकान्याकडे पाहायचे नसते. विवाह नोंदणीच्या अर्जाला आपले दोन तास लागतात, पण तिच्यामागे शिक्के मारून घेण्याची जी साखळी आहे तिला दोन महिने लागतात, म्हणून ती बॅगा भरण्याच्या कितीतरी आधी येते.

यादी अशी लावल्यावर दिसले की ज्याची सर्वात जास्त चिंता होती ते नोकरीच्या परवान्याचे काम खरे तर मधल्या लांबीचे होते. नेदरलँड्समध्ये उच्चकुशल कर्मचाऱ्यांसाठी वेगळी सोय आहे. तेथील स्थलांतर विभागाने, म्हणजे आयएनडीने, ज्या कंपनीला मान्यता दिलेली असते ती कंपनी स्वतःच कर्मचाऱ्याच्या वतीने अर्ज करते, आणि कागद पुरे असतील तर निकाल बहुधा काही आठवड्यांतच लागतो. या कुटुंबाची खरी अडचण पुण्यात, मंत्रालयात आणि सांगली जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीत होती.

चार ते पाच महिने आधी: ज्या कागदांना शिक्का लागतो ते कागद

नवऱ्याच्या एकट्याच्या परवान्यासाठी पासपोर्ट आणि नोकरीचा करार यांखेरीज फारसे काही लागत नव्हते. पत्नीसाठी मात्र विवाह प्रमाणपत्र आणि मुलीसाठी जन्म प्रमाणपत्र लागणार होते, आणि दोन्हींवर अपोस्टिल हवे होते. कागद अस्सल आहे याची ग्वाही देणारा हा शिक्का भारतात परराष्ट्र मंत्रालय देते. पण परराष्ट्र मंत्रालय थेट महापालिकेच्या कागदावर शिक्का मारत नाही, आधी राज्य सरकारने त्या कागदावरील सही ओळखून साक्षांकन करावे लागते. म्हणजे महापालिका, मग मंत्रालय, मग परराष्ट्र मंत्रालय, असा उतरंडीचा रस्ता आहे, आणि परराष्ट्र मंत्रालयाचा टप्पा नेमलेल्या एजन्सीमार्फतच पार पडतो.

या दांपत्याचे लग्न 2016 मध्ये कोल्हापुरात झाले होते आणि त्याची नोंदणी कधीच झालेली नव्हती. आपल्याकडे ही गोष्ट इतकी सर्रास आढळते की यादीतली ती पहिली चौकशी असावी. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याप्रमाणे विवाहाचे ज्ञापन विवाहानंतर 90 दिवसांत सादर करायचे असते; उशीर झाला तर विलंब शुल्क भरून नोंदणी होते, पण अर्जावर नवरा-बायकोबरोबर तीन साक्षीदारांच्या आणि लग्न लावणाऱ्या भटजींच्या सह्या लागतात. साक्षीदार पुण्यातच मिळाले. भटजी मात्र आता नाशिकला मुलाकडे राहत होते, त्यामुळे त्यांची सही, फोटो आणि ओळखपत्राची प्रत आणण्यासाठी एक रविवार खर्ची पडला. लग्नपत्रिका सासूबाईंच्या कपाटात, साड्यांच्या खाली सापडली. ती नसती तर प्रतिज्ञापत्र करावे लागले असते. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज 4 एप्रिलला दाखल झाला आणि प्रमाणपत्र 17 एप्रिलला मिळाले.

येथे एक सूचना. प्रमाणपत्र हातात आले की पहिला मोह ते लॅमिनेट करून घेण्याचा होतो, आणि तो आवरायलाच हवा, कारण अपोस्टिलचे स्टिकर मूळ कागदाच्या पाठीमागे लावले जाते आणि लॅमिनेट केलेला कागद साक्षांकनासाठी घेतलाच जात नाही. मुलीचे जन्म प्रमाणपत्र 2019 पासून लॅमिनेशनमध्ये सुखरूप होते, म्हणून त्याची नवी प्रत महापालिकेतून घ्यावी लागली. नवी प्रत घेण्याचा आणखी एक फायदा असतो. मंत्रालयात सहीची पडताळणी होते ती त्यांच्याकडे असलेल्या नमुना सहीवरून, आणि बऱ्याच वर्षांपूर्वीच्या प्रमाणपत्रावर सही करणारे अधिकारी एव्हाना बदललेले किंवा निवृत्त झालेले असतात. जुना कागद घेऊन मंत्रालयात गेलेला माणूस बहुतेक वेळा नवी प्रत आणायलाच परत येतो.

मुलीच्या प्रमाणपत्रात नावाची एक गाठ होती. तेथे आईचे नाव सासरचे लिहिले होते, तर आईच्या पासपोर्टवर माहेरचे नाव होते, कारण पासपोर्ट लग्नाआधीचा होता आणि अजून वैध होता. घरात लगेच दोन उपाय सुचले: पासपोर्टवरचे नाव बदलून घ्यावे किंवा जन्म प्रमाणपत्रात दुरुस्ती करावी. दोन्हींना मी थांबायला सांगितले. पासपोर्ट बदलला की क्रमांक बदलतो, आणि मग बँकेपासून आधारापर्यंत सगळीकडे नव्या नावाची मागणी सुरू होते. जन्मनोंदीतली दुरुस्ती कायद्याने होते खरी, पण तिला किती दिवस लागतील हे कार्यालयही सांगू शकत नाही. त्यापेक्षा कंपनीच्या स्थलांतर सल्लागाराला आधी विचारणे शहाणपणाचे होते. विवाह प्रमाणपत्रात पत्नीचे माहेरचे पूर्ण नाव आणि पतीचे पूर्ण नाव दोन्ही असल्याने माहेरच्या नावापासून सासरच्या नावापर्यंतचा दुवा त्याच एका कागदावर जुळतो, असे पाहून त्यांनी दुरुस्तीचा आग्रह धरला नाही. तीन भागांचे नाव आणि लग्नानंतर बदलणारा त्यातला मधला व शेवटचा भाग ही आपली रीत परक्या अधिकाऱ्याला कळत नाही हे खरे, पण प्रत्येक विसंगती दुरुस्त करायलाच हवी असेही नाही. ज्याने कागद तपासायचा आहे त्याला चालेल का, हे आधी विचारावे, आणि हा प्रश्न विचारणे हेच यादीतले एक वेगळे काम समजावे.

पत्नीच्या स्वतःच्या जन्म प्रमाणपत्राची गोष्ट वेगळी होती. तिचा जन्म 1990 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका गावी, आजोळी झाला. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत तारीख, आईवडिलांची नावे आणि मुलगी असल्याची नोंद होती, पण बाळाच्या नावाचा रकाना कोरा होता. त्या काळी नोंद बारशाच्या आधी होई आणि नाव घालायला पुन्हा कोणी जात नसे. नियमाप्रमाणे नाव नंतर भरता येते, पण त्याला नोंदणीपासून 15 वर्षांची मर्यादा आहे, आणि त्यापुढच्या लोकांसाठी राज्य सरकार वेळोवेळी मुदतवाढ देत आले आहे. ती त्या वेळी लागू आहे का हे त्या त्या कार्यालयातच विचारावे लागते. शाळा सोडल्याचा दाखला, ग्रामसेवकांची सवड, मग ताजी इंग्रजी-मराठी प्रत आणि मग पुन्हा मंत्रालयाची वारी, असे हे काम एका ओळीत मावणारे नव्हते.

ते यादीत सर्वात वर ठेवायचे की खाली, हा या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा निर्णय होता. लांबीने ते सर्वात मोठे, म्हणून सर्वात आधी सुरू करायचे, हे उघड होते. पण तिसऱ्या रकान्यात पाहिले तर त्याच्यावर पुढचे कोणतेही काम अडलेले नव्हते. पत्नीच्या परवान्याला विवाह प्रमाणपत्र लागते. तिचे जन्म प्रमाणपत्र मागते ती आइंडहोवनची नगरपालिका, तेही रहिवासी नोंद करताना. ती नोंद पासपोर्ट आणि विवाह प्रमाणपत्राच्या आधारे होऊ शकते आणि राहिलेला कागद नंतर देता येतो. म्हणून काम पहिल्या आठवड्यातच सुरू करायचे, सांगलीतल्या वडिलांकडे सोपवायचे, आणि ते पूर्ण झाले नाही तरी निघण्याची तारीख हलवायची नाही, असे ठरले. लांब काम आणि अडवणारे काम यांतला फरक ज्याला कळत नाही तो असल्या कोऱ्या रकान्यापायी विमानाचे तिकीट पुढे ढकलतो.

याच गटात आणखी दोन गोष्टी होत्या. मुलीचा पासपोर्ट 2021 मध्ये काढलेला होता, आणि लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो हे आईवडिलांच्या लक्षात नव्हते. तो फेब्रुवारी 2026 मध्ये संपत होता. परवान्याच्या अर्जात पासपोर्टचा क्रमांक जातो, म्हणून नूतनीकरण अर्जाच्या आधी होणे भाग होते. दुसरी गोष्ट दाताची. नवऱ्याची एक दाढ काढलेली होती आणि तेथे इम्प्लांट बसवायचे तो दोन वर्षे टाळत आला होता. नेदरलँड्सच्या मूलभूत आरोग्यविम्यात प्रौढांच्या दातांचे उपचार जवळजवळ येत नाहीत, आणि इम्प्लांटचा स्क्रू बसवल्यावर हाड धरायला साधारण तीन महिने लागतात, त्यानंतर वरचा दात बसतो. जुलैत डॉक्टरांकडे गेले असते तर काम अर्धवट टाकून जावे लागले असते. मार्चच्या अखेरीस स्क्रू बसला आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दात बसला. कार्यालयांच्या कामांच्या यादीत दाढ कोणी लिहीत नाही, पण लागणाऱ्या काळाच्या हिशेबाने ती विवाह नोंदणीच्या शेजारी बसते.

तीन महिने आधी: राजीनामा, परवाना आणि त्यांची अदलाबदल

नवऱ्याच्या पुण्यातल्या कंपनीचा नोटीस पिरियड 90 दिवसांचा होता. कामाचा शेवटचा दिवस 14 ऑगस्ट धरला तर राजीनामा 16 मेपर्यंत द्यायला हवा होता. परवाना मंजूर झाल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही, हा नियम त्याने स्वतःला घालून घेतला, आणि तो योग्यच होता. पण त्याचा अर्थ असा की मंजुरी 16 मेच्या आत हवी. म्हणजे अर्ज एप्रिलच्या मध्यापर्यंत जायला हवा. एकदा ही तारीख सापडल्यावर पुढचा निर्णय आपोआप झाला: विवाह प्रमाणपत्रावर अपोस्टिल होईपर्यंत नवऱ्याचा अर्ज थांबवायचा नाही. तिघांचे अर्ज एकत्र गेले असते तर सोय झाली असती, पण मंत्रालयातून आणि परराष्ट्र मंत्रालयातून कागद परत यायला मे महिना उजाडणार, हे दिसतच होते. म्हणून नवऱ्याचा अर्ज 14 एप्रिलला गेला आणि 6 मेला मंजूर झाला. राजीनामा 12 मेला दिला गेला, आणि 14 ऑगस्ट हा शेवटचा दिवस कायम राहिला. अपोस्टिल 26 मेला हातात आले, पत्नी आणि मुलीचे अर्ज 2 जूनला गेले आणि त्याच महिन्याच्या शेवटी मंजूर झाले.

मंजुरी म्हणजे पासपोर्टवरचा व्हिसा नव्हे. मंजुरीनंतर एमव्हीव्ही नावाचे प्रवेशपत्र पासपोर्टवर चिकटवून घ्यावे लागते, ते मंजुरीपासून तीन महिन्यांत घ्यायचे असते, आणि घेतल्यापासून ते 90 दिवस वैध असते. म्हणजे ही दोन्ही बाजूंनी बंद असलेली मुदत आहे. नवऱ्याची मुदत ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संपत होती. मेमध्येच घाईने स्टिकर घेतले असते तर ते ऑगस्टमध्ये, निघण्याच्या आसपास संपले असते. पत्नीचे कागद होईपर्यंत फारच थांबले असते तर नवऱ्याची मंजुरी वाया गेली असती. तिघांनी मिळून जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज केंद्रात वेळ घेतली. पासपोर्ट दूतावासाकडे असतात तेव्हा मूळ पासपोर्ट दाखवावा लागणारे दुसरे कोणतेही काम त्या दिवसांत ठेवायचे नाही, हेही यादीत लिहावे लागले, कारण बँकेची भेट त्याच आठवड्यात ठरली होती आणि ती पुढे ढकलली गेली.

दीड-दोन महिने आधी: मोबाइल क्रमांक

वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या कामाला मी मुद्दाम वेगळी जागा देतो. नवऱ्याचा मोबाइल क्रमांक दहा वर्षे कंपनीच्या नावावर होता. आधार, पॅनचे खाते, बँक, भविष्य निर्वाह निधीचा यूएएन आणि म्युच्युअल फंड, या सगळ्यांचे ओटीपी त्याच क्रमांकावर येत होते. राजीनाम्यानंतर शेवटच्या दिवशी कंपनी सिम बंद करते. तो क्रमांक स्वतःच्या नावावर करून घ्यायचा तर कंपनीचे ना-हरकत पत्र लागते, आणि मोठ्या कंपनीत ते पत्र देणारा विभाग नक्की कोणता हे शोधण्यातच पंधरवडा जातो. क्रमांक मिळाला नाही तर दुसरा मार्ग आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बदलण्याचा होता, पण त्यासाठी त्या वेळी आधार केंद्रात स्वतः जावे लागत होते. ऑगस्टच्या शेवटी आइंडहोवनमध्ये बसून हे काम करता आले नसते.

कंपनीने पत्र द्यायला साडेतीन आठवडे घेतले. त्यानंतर क्रमांक प्रीपेड करून घेतला आणि आंतरराष्ट्रीय रोमिंग येथे असतानाच सुरू करून ठेवले, म्हणजे तेथे बोलणे महाग पडले तरी ओटीपीचा संदेश येत राहतो. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरणे आणि तेथील नाव पासपोर्टप्रमाणे असणे, या दोन्ही गोष्टीही याच वेळी तपासल्या गेल्या. शेवटच्या दिवसानंतर मनुष्यबळ विभागातले लोक फोन उचलतीलच असे नाही.

याच सुमारास वडिलांच्या नावे कुलमुखत्यारपत्र केले गेले. कुटुंबाचा पुण्यातला फ्लॅट भाड्याने द्यायचा होता, आणि महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवणे कायद्याने आवश्यक असल्यामुळे दर 11 महिन्यांनी कोणीतरी निबंधक कार्यालयापर्यंत जाणार होते. मुखत्यारपत्र पुण्यात करायला एक सकाळ जाते. तेच तेथून करायचे तर हेग येथील भारतीय दूतावासात साक्षांकन करून ते इकडे पाठवावे लागते, आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. पत्नीनेही सांगलीतल्या आपल्या वडिलांच्या नावे एक साधे अधिकारपत्र दिले, ते ग्रामपंचायतीतल्या त्या कोऱ्या रकान्यासाठी.

भाडेकरूला एक गोष्ट आधीच सांगावी लागते आणि ती बहुतेक मालक सांगत नाहीत. घरमालक अनिवासी झाला की भाड्यातून टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते, रक्कम लहान असली तरी. करारात हे लिहून घेतले नाही तर भाडेकरू पूर्ण भाडे देत राहतो आणि एक दिवस त्याला नोटीस येते.

ज्यांना लवकर सुरू करून उपयोग नाही

याद्या लवकर करण्याच्या उत्साहात काही कामे वेळेआधी होतात आणि वाया जातात. गाडीवर कर्ज होते. ते फेडल्यावर बँक जे ना-हरकत पत्र देते ते साधारण तीन महिनेच चालते. एप्रिलमध्ये कर्ज फेडून ऑगस्टमध्ये गाडी विकायची म्हटले असते तर पत्राची मुदत निघून गेली असती. गाडी निघण्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत लागणार होती, म्हणून कर्ज जुलैच्या मध्यात फेडले, महिनाअखेरीस बोजा उतरवून घेतला आणि ऑगस्टमध्ये हस्तांतरणाच्या अर्जांवर सह्या करून गाडी मेव्हण्याला दिली.

बँकेचेही तसेच. नोकरीसाठी देश सोडणारा माणूस परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने सोडल्या दिवसापासूनच अनिवासी होतो, आणि त्याचे बचत खाते एनआरओ खात्यात बदलावे लागते. पण बँक त्यासाठी व्हिसाची प्रत आणि परदेशातला पत्ता मागते, म्हणजे जुलैच्या आधी अर्जच होत नाही. आधी करता येईल ते एवढेच की शाखेत जाऊन नमुने आणायचे, जोडकागदांची यादी घ्यायची आणि सह्या तेथे बदललेल्या नाहीत याची खात्री करायची. पीपीएफ खाते मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते, पण नवे उघडता येत नाही आणि मुदतीनंतर वाढवताही येत नाही. नवऱ्याचे खाते 2031 पर्यंत होते, त्यामुळे तेथे करण्यासारखे काही नव्हते.

घर हे असेच काम आहे. मार्चपासून संकेतस्थळे पाहण्यात संध्याकाळी जात होत्या, पण आइंडहोवनचे घरमालक महिन्या-दीड महिन्यापुढचे बोलतच नाहीत. येथे पाहायची गोष्ट भाड्याहून वेगळी होती. त्या पत्त्यावर नगरपालिकेत नोंद करता येते का, हे आधी विचारायचे. चार महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्याने आल्यापासून पाच दिवसांत रहिवासी नोंद करायची असते. ती झाली की बीएसएन हा नागरिक क्रमांक मिळतो, आणि त्याच्याशिवाय पगार, विमा आणि शाळा सगळे लटकते. सुटीपुरत्या भाड्याने मिळणाऱ्या कित्येक घरांवर नोंद चालत नाही. कंपनीने पहिल्या सहा आठवड्यांसाठी दिलेल्या घरावर नोंद चालते असे लेखी मागून घेतले आणि मगच खासगी घराचा शोध सप्टेंबरवर टाकला. आइंडहोवनमधल्या हॉलंड एक्स्पॅट सेंटर साउथ या केंद्रात रहिवासी नोंद आणि परवान्याचे कार्ड ही दोन्ही कामे एका भेटीत होतात, पण भेटीची वेळ आधी घ्यावी लागते. ती व्हिसा मिळताच जुलैत घेतली.

निघण्याची तारीख आणि आयकर

हे काम नव्हे, पण तारीख ठरवताना ते सर्वात आधी पाहायला हवे होते, आणि योगायोगाने ती बरोबर निघाली. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात भारतात 182 दिवसांपेक्षा कमी राहिला तर त्या वर्षासाठी अनिवासी ठरतो, आणि त्याच्या परदेशी पगारावर भारतात कर लागत नाही. 1 एप्रिल ते 23 ऑगस्ट हे 145 दिवस होतात. रुजू होण्याची तारीख 1 नोव्हेंबर असती तर तो पूर्ण वर्ष निवासी राहिला असता. मात्र 145 वर गणित थांबत नाही: मार्च 2026 अखेरपर्यंत त्याला भारतात आणखी 36 दिवसच राहता येणार होते. दिवाळीला दहा दिवस आणि बहिणीच्या लग्नासाठी फेब्रुवारीत तीन आठवडे, असा बेत घरात ठरत होता. तो बेरजेत बसला, पण आणखी एक आजारपणाची खेप आली असती तर बसला नसता, हे त्याला आकडे मांडूनच पटले.

शेवटचे दोन आठवडे आणि त्यानंतरची यादी

शेवटच्या पंधरवड्यासाठी फार थोडे उरले होते, आणि यादी नीट लावल्याची खूण हीच मानावी. गॅस, वर्तमानपत्र, सोसायटीचा ना-हरकत दाखला, मुलीच्या शाळेचा दाखला आणि लसीकरणाची वही. ती वही मूळच नेली, कारण तेथील बालआरोग्य केंद्र कोणती लस केव्हा दिली ते तारखेनिशी पाहते. मूळ प्रमाणपत्रे हातातल्या बॅगेत ठेवली. सामानाची बॅग दोन दिवस उशिरा आली तरी पाच दिवसांतली नोंद अडू नये, हे त्यामागचे कारण.

काही कामांची मुदत मात्र तेथे पोहोचल्यावर सुरू होते, आणि ती येथूनच लिहून नेली नाहीत तर विसरतात. भारतीयांना परवाना मिळाल्यापासून तीन महिन्यांत क्षयरोगाची तपासणी करावी लागते. आरोग्यविमा चार महिन्यांत घ्यायचा असतो आणि तो पहिल्या दिवसापासून लागू होतो, त्यामुळे उशीर केला तरी मागचे हप्ते भरावेच लागतात. परदेशातून आणलेल्या कर्मचाऱ्याच्या पगारातला 30 टक्क्यांपर्यंतचा भाग करमुक्त देण्याची जी सवलत आहे तिचा अर्ज कंपनी आणि कर्मचारी मिळून करतात; तो रुजू झाल्यापासून चार महिन्यांत केला तर सवलत पहिल्या दिवसापासून मिळते, नंतर केला तर पुढच्या काळापुरतीच.

या सवलतीला आणखी एक पोटकाम जोडलेले आहे. ती ज्याला मिळते त्याला आणि त्याच्या कुटुंबाला भारतीय वाहनपरवाना परीक्षा न देता डच परवान्यात बदलून मिळतो. इतरांना 185 दिवसांनंतर नव्याने परीक्षा द्यावी लागते. त्यासाठी भारतीय परवाना वैध हवा. पत्नीचा परवाना जानेवारी 2026 मध्ये संपत होता, आणि भारतात तो मुदतीच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करून मिळतो. जूनच्या एका दुपारी तिने आरटीओत जाऊन ते काम उरकले. तिच्या जन्म प्रमाणपत्रातला रकाना नोव्हेंबरमध्ये भरला गेला, वडिलांनी कागद मंत्रालयातून फिरवून आणला, आणि तो डिसेंबरमध्ये कुरिअरने आइंडहोवनच्या नगरपालिकेत सादर करण्यासाठी निघाला.